दस्तऐवज आहेत, वाचणारे कोठे आहेत?

गुलमंडीच्या परिसरात इतिहास, मराठी वा संस्कृत घेऊन पदवीधर झालेले अनेक तरुण राहतात. निकाल लागताच त्यांच्या घरी एकच प्रश्न विचारला जातो, 'आता पुढे काय?' ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय व पुरातत्त्व ही त्यावरची नेहमीची उत्तरे. ती चूक नाहीत. पण ग्रंथपालास ग्रंथालयशास्त्राची पदवी लागते आणि पुरातत्त्व खात्यातील जागा थोड्या व स्पर्धा मोठी. या शहराला अधिक जवळची असलेली वाट मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे जुने दस्तऐवज वाचण्याची.

या कौशल्याची टंचाई २०२३ साली सर्वांसमोर आली. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने सप्टेंबरात न्या. संदीप शिंदे समिती नेमली. ऑक्टोबरअखेर मुख्यमंत्र्यांनी सांगितले की, १ कोटी ७२ लाख नोंदी तपासल्यावर ११,५३० नोंदी सापडल्या. शाळांची प्रवेशपत्रके, जन्ममृत्यूची नोंदपुस्तके, महसुली कागद असे सारे दप्तर उघडले गेले. त्यातील बराच भाग मोडीत वा उर्दूत होता. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, कुटुंबाचे भवितव्य ठरविणारा कागद वाचू शकणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हे त्या वेळी दिसून आले.

मोडीची अक्षरे ओळखण्यास काही आठवडे पुरतात. पुराभिलेख संचालनालयाचे अल्पमुदतीचे मोडी वर्ग तेवढीच पायाभरणी करून देतात. खरी कसोटी पुढे लागते. मोडीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. म्हणून जाणकार सांगतात, एकाच हाताची शंभर पाने आधी वाचावीत, मग दुसरा हात घ्यावा.

अक्षर लागले तरी कागद कळला असे होत नाही. समजा, नोंदीत 'सन १३२०' एवढेच लिहिले आहे. वाचकाने ते हिजरी मानले तर इसवी सन १९०२-०३ येते. फसली मानले, तर ५९० मिळवून १९१०-११. आठ वर्षांच्या या फरकाने आजोबांच्या जागी पणजोबांची नोंद धरली जाऊ शकते. निवाडा महिन्याच्या नावावरून करावा. आजूर, दै, बहमन अशी नावे असतील तर ते निजामी फसली. मोहरम, सफर असतील तर हिजरी. महिना नसेल, तर त्याच वहीतील मागची-पुढची पाने पाहावीत. अंदाजाने आकडा लिहून देणे हा या कामातील सर्वात मोठा दोष होय.

मराठवाड्यात आणखी एक अट आहे. निजामी राज्यात १८८४ पर्यंत फारसी व नंतर उर्दू ही सरकारी भाषा होती. त्यामुळे येथे केवळ मोडी जाणणारा अर्ध्यावरच थांबतो. उर्दू शिकविणारे या शहरात पावलोपावली भेटतात; पुण्याच्या विद्यार्थ्याला ही सोय इतकी सहज मिळत नाही.

आता पोटापाण्याचे. पुराभिलेख संचालनालयात कायम जागा मोजक्याच निघतात, आणि समितीसारखे काम संपले की मानधनही थांबते, हे आधीच समजून घ्यावे. म्हणूनच लिपी हा एकमेव आधार न मानता तिला पदवीची जोड द्यावी. ग्रंथालयशास्त्र केलेल्याला महाविद्यालयाची वाट खुली राहते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेखशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. इतिहासात एम.ए. करून नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळविली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. तेवढ्या काळात एखादे निजामी दप्तर नीट लावून होते. ग्रंथसंग्रह वा संशोधन मंडळे चालविणाऱ्या संस्थांनीही हे ध्यानात घ्यावे की, हस्तलिखितांच्या जतनासाठी केंद्राने २०२५च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' योजना जाहीर केली आहे. निधी मागताना यादी द्यावी लागते, आणि यादी करायला कागद वाचता येणारा माणूस लागतो.

आमच्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे. आपल्या घरी, देवळात, पेढीवर मोडीतील रुमाल बांधून ठेवलेले असतील तर ते रद्दीत घालू नका व उन्हातही टाकू नका. कोऱ्या सुती कापडात, जमिनीपासून वर ठेवा. आणि घरात इतिहासाचा विद्यार्थी असेल, तर त्यातील पहिले पान त्याच्या हाती द्या.