आखाजीचा हिशेब
नवरा-बायकोने वर्षाचा आढावा 31 डिसेंबरला घ्यावा, असं शहरात म्हणतात. आमच्या पारोळ्याकडे तो आखाजीलाच घ्यावा, हे माझं ठाम मत. डिसेंबरात कापूस निम्मा घरात, निम्मा झाडावर असतो, मग वर्ष कसं गेलं ते कळणार कशावरून? आखाजीपर्यंत माल विकलेला असतो, 31 मार्चच्या आत पीककर्ज भरलेलं असतं आणि सालदार ठेवायचा की नाही, हे तेव्हा ठरवावंच लागतं. फक्त बाई माहेरी झोका खेळायला जाण्याआधी बोलणं उरकावं. शेजारच्या जोडप्याने यंदा आधी गेलं वर्ष वहीत मांडलं. वहिनींनी स्वतः वेचलेला चार क्विंटल कापूसही किलोला 10 रुपयांनी मजुरीत धरायला लावला. 4,000 रुपये निघाले आणि भाऊ वहीकडे बघतच राहिले. गेल्या साली ठरवलेली 'बचत' का फसली, तेही दिसलं: रक्कम ठरली नव्हती, दिवस ठरला नव्हता. म्हणून यंदा लिहिलंय, कापसाचे पैसे येतील त्याच दिवशी 10,000 रुपये वहिनींच्या खात्यात. दुसरं, मृगाआधी विहिरीची मोटर दुरुस्त करायची. तिसरं काही वहिनींनी लिहूच दिलं नाही.