सत्तर टक्क्यांचा हिशेब

लातूरच्या आडत दुकानातील मुलासाठी नांदेडच्या कापड पेढीवरील मुलीचे स्थळ आले, की पंचांगातील छत्तीस गुणांबरोबर अलीकडे आणखी एक कागद पुढे येतो. मोबाईलवर दोघांची जन्मवेळ भरली, की मुलाचे ग्रह मुलीच्या ग्रहांशी किती अंशात्मक योग करतात, ते मोजले जाते. युती, लाभयोग (६० अंश) आणि नवपंचम (१२० अंश) हे शुभ धरले जातात, केंद्रयोग (९० अंश) आणि प्रतियोग (१८० अंश) हे अशुभ. शुभ योगांच्या संख्येला एकूण योगांच्या संख्येने भागले, की टक्केवारी तयार होते. ती सत्तर आली की घरातील मंडळी निश्चिंत होतात आणि पन्नास आली की बोलणी थंडावतात. या आकड्यात दोष आहे आणि तो भागाकाराच्या आधीच शिरलेला असतो.

एका ग्रहापासून सुरुवात करून राशिचक्राभोवती नजर फिरवली, तर दुसऱ्या ग्रहाशी योग होण्याच्या एकूण आठ जागा सापडतात. युतीची एक, लाभाच्या दोन, नवपंचमाच्या दोन, केंद्राच्या दोन आणि प्रतियोगाची एक. म्हणजे शुभाच्या पाच आणि अशुभाच्या तीन. प्रत्येक जागेला दोन्ही बाजूंनी आठ अंशांची सूट दिली, तर ३६० पैकी १२८ अंश कोणत्या ना कोणत्या योगात मोडतात. प्लूटोपर्यंतचे दहा ग्रह दोन्हीकडे धरले, तर शंभर जोड्यांपैकी सुमारे छत्तीस जोड्यांत निव्वळ योगायोगानेच योग दिसतो आणि त्यातील पाच अष्टमांश, म्हणजे साडेबासष्ट टक्के, शुभ ठरतात. गंज गोलाईत समोरासमोर आलेल्या कोणत्याही दोन अनोळखी माणसांची सरासरी टक्केवारी एवढी येणारच. तेव्हा सत्तर हा आकडा पन्नासाशी ताडून पाहायचा नसतो, बासष्टाशी ताडायचा असतो.

समजण्यासाठी एक जोडी घेऊ. मुलगा १९९६ चा, मुलगी १९९८ ची. पत्रिका उदाहरणापुरत्या रचलेल्या. एकूण तेहेतीस योग निघाले, त्यांपैकी तेवीस शुभ आणि दहा अशुभ. टक्केवारी सत्तर.

या तेवीस शुभ योगांतील तीन योग असे: नेपच्यूनची नेपच्यूनशी युती, प्लूटोची प्लूटोशी युती, आणि मुलीच्या नेपच्यूनचा मुलाच्या प्लूटोशी लाभयोग. नेपच्यूनला राशिचक्राची एक फेरी करण्यास सुमारे १६५ वर्षे लागतात, म्हणजे वर्षाकाठी तो दोन अंशांहून थोडाच अधिक सरकतो. दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या साऱ्यांचीच ही युती असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नेपच्यून आणि प्लूटो हे एकमेकांपासून साधारण साठ अंशांवर चालत आले आहेत, त्यामुळे तो लाभयोगही पिढीचा आहे, या जोडीचा नव्हे. गुरू, शनी, हर्षल यांच्या आपापसांतील आणखी पाच शुभ आणि दोन अशुभ योगांचीही बहुतांशी हीच गत. त्या-त्या महिन्यांत जन्मलेल्या कोणत्याही मुला-मुलीत ते दिसतील. हे सारे बाजूला काढणे ही पहिली पायरी.

दुसरी पायरी सुटीची, जिला शास्त्रात दीप्तांश म्हणतात. ही कल्पना परकी नाही. १५८७ साली काशीत नीलकंठ दैवज्ञांनी ताजिक पद्धतीवरील आपला ग्रंथ रचला. मुहूर्तचिंतामणिकार रामदैवज्ञ हे त्यांचे बंधू. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, जैन आचार्य हेमप्रभसूरींच्या त्रैलोक्यप्रकाशात ताजिक विचार आला आहे आणि त्याच ग्रंथात वस्तूंच्या तेजी-मंदीचाही विचार आहे, हे व्यापारी वाचकांना रुचावे. ताजिकात प्रत्येक ग्रहाचे दीप्तांश वेगळे असतात: सूर्याचे १५, चंद्राचे १२, गुरू आणि शनीचे प्रत्येकी ९, मंगळाचे ८, बुध आणि शुक्राचे ७. दोन ग्रहांच्या दीप्तांशांची सरासरी घेतली, की त्या योगाची मर्यादा मिळते. पण ही पद्धत वर्षफळ आणि प्रश्नकुंडलीची आहे. तेथे शीघ्र ग्रह मंद ग्रहाकडे जात आहे की पुढे निघून गेला आहे, हे पाहतात. दोन जन्मपत्रिका शेजारी ठेवल्या तर काहीच चालत नाही, दोन्ही चित्रे गोठलेली असतात. म्हणून मेलापकात मर्यादा आखडती घेणे शहाणपणाचे. मोठ्या योगांना सहा अंश आणि लाभयोगाला चार अंश पुरे होतात.

मर्यादेच्या आतही सर्व योग सारखे नसतात. मर्यादेच्या टोकावरचा योग जवळजवळ शून्य आणि नेमक्या अंशावरचा पूर्ण, असे उतरते वजन द्यावे लागते. त्यावर ग्रहाचे वजन: सूर्य किंवा चंद्र असलेल्या योगाला तीन, शुक्र, मंगळ, बुध असलेल्याला दोन. समान मोजणी ही आपल्या परंपरेची रीत नव्हेच. अष्टकूटात वर्णाला एक गुण आणि नाडीला आठ, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आता त्या जोडीत उरते काय ते पाहावे. मुलाचा चंद्र कर्केत साडेसात अंशांवर, मुलीचा कन्येत पाचावर. लाभयोग, पण अडीच अंशांनी चुकलेला. वजन सुमारे १.१. मुलाचा शुक्र वृषभेत तीन अंशांवर असून मुलीच्या चंद्राशी नवपंचम करतो, फरक दोन अंशांचा, वजन २. त्याच शुक्राचा मुलीच्या मीनेतील गुरूशी लाभयोग, फरक एक अंशाचा, वजन १.५. बाकीचे बारा शुभ योग सैल, बरेचसे नव्या मर्यादेबाहेर. त्यांचे मिळून जेमतेम १. शुभाची बेरीज ५.६.

अशुभाकडे सैल सहांचे मिळून अर्धे. पण मुलीचा शनी मेषेत सात अंशांवर आहे आणि तो मुलाच्या चंद्राशी केंद्रयोग करतो, फरक अवघा अर्ध्या अंशाचा, वजन २.७५. उलट बाजूने मुलाचा शनी मीनेत चारावर, मुलीच्या चंद्रासमोर, फरक एक अंशाचा, वजन २.५. बेरीज ५.७५. सत्तरचे एकोणपन्नास झाले!

येथे स्थळ नाकारण्याची घाई होते आणि तीही तितकीच चूक आहे. शनी-चंद्राचा दुहेरी संबंध जाणकार उपेक्षेचा आणि मनावरील दडपणाचा मानतात, तसाच टिकून राहणाऱ्या बंधनाचाही मानतात. शुक्र-चंद्राचा नवपंचम त्यातून वजा करता येत नाही, कारण तो निराळ्या गोष्टीबद्दल बोलतो. सोयाबीनच्या ढेरीत ओलावा अधिक आणि माती कमी असेल, तर एकाने दुसरे फिटत नाही. दोन्हींची वेगळी नोंद होते. त्यामुळे एकोणपन्नास या आकड्यापेक्षा पाच घट्ट योगांची यादी अधिक कामाची. कुटुंबाने विचारायचे ते या यादीवरून: दोघे रागावल्यावर गप्प बसतात का, पेढीच्या व्यापात एकमेकांना वेळ देतात का. ही वजने अनुभवी मंडळींनी ठरविलेली रीत आहे, प्रयोगाने सिद्ध झालेले माप नव्हे. कर्मसिद्धांत मानणाऱ्या घरात ग्रह फार तर सूचक असतात, कर्ते नसतात.

युतीबाबत एक सूचना. संगणक ती सरसकट शुभ धरतो, पण शनी चंद्रावर असेल तर तीही युतीच.

शेवटी जन्मवेळ. अयनांश कोणता घेतला याने दोन पत्रिकांतील अंतर बदलत नाही, फक्त दोन्हींना एकच अयनांश हवा. चंद्र मात्र दिवसाला सुमारे तेरा अंश चालतो, म्हणजे एक अंश दोन तासांपेक्षा थोड्या कमी वेळात. मुलाच्या चंद्राचा तो अर्ध्या अंशाचा फरक जन्मवेळ तासाभराने चुकली तर शून्य होईल किंवा दुप्पट. चार तासांची चूक असेल तर अडीच अंशांचा चंद्र-चंद्र लाभयोग एका बाजूला चारच्या मर्यादेबाहेर जाईल. ‘पहाटेचा जन्म’ एवढीच माहिती असेल, तर चंद्राचे योग कागदावर पेन्सिलीने लिहावेत आणि रुग्णालयातील नोंदीची वेळ मिळेपर्यंत त्यांना वजन देऊ नये.