विश्लेषण : आखातातील कंपनीचा आरोग्य विमा किती कामाचा? को-पेमेंट, नेटवर्क रुग्णालय आणि आधीचा आजार यांचा नेमका अर्थ काय?

नोकरीसाठी दुबईला गेलेल्या कर्मचाऱ्याला कंपनीकडून आरोग्य विमा मिळतो. तो देण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच आहे. पण 'विमा आहे' म्हणजे 'सगळे बिल विमा कंपनी भरते', असा समज करून घेतला तर पहिल्याच आजारपणात फटका बसतो. खर्चाचे गणित तीन शब्दांवर ठरते आणि ते तिन्ही शब्द पॉलिसीच्या कागदावर लिहिलेले असतात.

कायदा काय सांगतो?

दुबईत 2013 च्या 11 क्रमांकाच्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा झाला. कर्मचाऱ्याच्या विम्याचा हप्ता मालकाने भरायचा असतो, तो पगारातून कापता येत नाही. पत्नी आणि मुलांचा विमा मात्र त्यांना ज्याने व्हिसावर बोलावले, त्याची जबाबदारी असते. कमी पगाराच्या कामगारांसाठी 'एसेन्शियल बेनिफिट्स प्लॅन' नावाची मूलभूत पॉलिसी आहे. तिची वार्षिक मर्यादा दीड लाख दिर्हम आहे. मोठ्या कंपन्या याहून चांगल्या पॉलिसी देतात, पण कायद्याने किमान एवढे द्यावेच लागते. शारजा, अजमान, रास अल खैमा आदी उत्तरेकडील अमिरातींत ही सक्ती 1 जानेवारी 2025 पासून लागू झाली.

आधीपासूनचा आजार म्हणजे काय?

विमा सुरू होण्यापूर्वी ज्याचे निदान झाले आहे, ज्यावर उपचार सुरू आहेत किंवा ज्याची लक्षणे दिसली आहेत, असा आजार. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दमा ही नेहमीची उदाहरणे. दुबईच्या मूलभूत पॉलिसीत असा आजार कायमचा वगळला जात नाही. पण अमिरातीत पहिल्यांदाच विमा घेणाऱ्याला त्यासाठी सहा महिने थांबावे लागते. या काळात जिवावर बेतणारा प्रसंग आला तर तातडीचे उपचार मिळतात, मात्र रोजच्या गोळ्या आणि नियमित तपासण्या स्वतःच्या खर्चाने कराव्या लागतात. उत्तरेकडील अमिरातींच्या नव्या मूलभूत पॅकेजमध्ये जुनाट आजारांसाठी असा थांबण्याचा काळ नाही. म्हणजे एकच मधुमेही कामगार दुबईत सहा महिने थांबेल, तर शारजाच्या पॅकेजमध्ये त्याला पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळेल.

इथे एक चूक वारंवार होते. फॉर्मवर आजाराची माहिती विचारली की, 'लिहू नकोस, उगाच अडचण होईल,' असा सल्ला ओळखीचे देतात. खरे लिहिले तर नुकसान सहा महिन्यांच्या औषधांचे असते. लपवले तर मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी विमा कंपनी जुने कागद मागते आणि मंजुरी अडकते. रुग्णालयातील डॉक्टर 'चार वर्षांपासून मधुमेह' असे केस पेपरवर लिहितातच, ती नोंद विमा कंपनीकडे जाते.

नोकरी बदलतानाही काळजी हवी. आधीच्या पॉलिसीत सहा महिने पूर्ण झाले असतील तर ते पुन्हा मोजायला नकोत, पण त्यासाठी विमा सलग असल्याचा पुरावा लागतो. जुन्या कंपनीकडून 'कंटिन्युइटी सर्टिफिकेट' घेऊनच बाहेर पडावे. मध्ये खंड पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

नेटवर्क रुग्णालय कसे ओळखायचे?

विमा कंपनीने ज्या रुग्णालयांशी, क्लिनिकशी आणि औषध दुकानांशी दर ठरवून घेतलेले असतात, ते तिचे नेटवर्क. तिथे रुग्णाने फक्त आपला वाटा भरायचा, बाकीचे बिल परस्पर विमा कंपनीकडे जाते. गोंधळ होतो तो एकाच विमा कंपनीची अनेक नेटवर्क असल्याने. महागड्या पॉलिसीला मोठे नेटवर्क, मूलभूत पॉलिसीला छोटे. त्यामुळे रुग्णालयाला फोन करून 'अमुक कंपनीचा विमा चालतो का?' असे विचारले तर 'हो' असे उत्तर मिळते आणि तिथे गेल्यावर 'तुमचे नेटवर्क चालत नाही' असे ऐकावे लागते. विचारताना कार्डावरील नेटवर्कचे नाव सांगावे. एकाच रुग्णालयाची एक शाखा यादीत आणि दुसरी यादीबाहेर असू शकते, म्हणून शाखाही विचारावी. दुबईत रुग्णालये एमिरेट्स आयडीवरून विम्याची पडताळणी करतात. उपचारापूर्वी ती करून घेणे सर्वांत खात्रीचे.

मूलभूत पॉलिसीत आणखी एक पायरी आहे. आधी साध्या डॉक्टरकडे जायचे आणि त्याने चिठ्ठी दिली तरच तज्ज्ञाकडे. पाठ दुखते म्हणून थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेल्यास बिल रुग्णाच्याच खिशातून जाते.

नेटवर्कबाहेर गेल्यास काय? तातडीचा प्रसंग असेल तर जवळचे कोणतेही रुग्णालय चालते. तसा नसेल तर मूलभूत पॉलिसी काहीच देत नाही. वरच्या दर्जाच्या काही पॉलिसी नंतर परतावा देतात, पण प्रत्यक्ष बिलावर नव्हे, तर नेटवर्कमधील दरावर. समजा, बाहेर 1,000 दिर्हम बिल झाले, त्याच तपासणीचा नेटवर्क दर 600 आहे आणि पॉलिसी 80 टक्के देते. तर परतावा 600 च्या 80 टक्के, म्हणजे 480 दिर्हम मिळेल. उरलेले 520 रुग्णाचे. 'ऐंशी टक्के मिळतात' या समजुतीत 800 ची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा इथेच होते.

को-पेमेंटचे गणित काय?

बिलातील जो वाटा रुग्णाने भरायचा, ते को-पेमेंट. दुबईच्या मूलभूत पॉलिसीत डॉक्टरांच्या भेटीचे 20 टक्के रुग्ण भरतो. त्याच तक्रारीसाठी सात दिवसांत पुन्हा दाखवायला गेल्यास हा वाटा लागत नाही. औषधांचे 30 टक्के. रुग्णालयात दाखल झाल्यास 20 टक्के, पण एका वेळी जास्तीत जास्त 500 दिर्हम आणि वर्षभरात मिळून 1,000 दिर्हम. त्यावरचे सारे विमा कंपनीचे.

एका कामगाराचे उदाहरण

चिपळूणचा एक फोरमन जानेवारीत दुबईत रुजू झाला, असे धरू. चार वर्षांपासून मधुमेह, मूलभूत पॉलिसी, अमिरातीत पहिलाच विमा. फेब्रुवारीत रात्री पोटात असह्य कळा येतात. सहकारी त्याला जवळच्या रुग्णालयात नेतात. प्रसंग तातडीचा असल्याने नेटवर्कचा प्रश्न येत नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसतात. कळ थांबते आणि डॉक्टर महिनाभरात शस्त्रक्रिया करायला सांगतात.

आता तीन प्रश्न, याच क्रमाने. पहिला, खडे आधीपासूनचे आहेत का? पूर्वी कधी त्रास किंवा निदान झाले नसेल तर हा नवा आजार, सहा महिन्यांची अट नाही. गावी दोन वर्षांपूर्वी काढलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले असतील, तर मात्र नियोजित शस्त्रक्रियेसाठी जुलै उजाडेल. दुसरा, शस्त्रक्रिया कुठे? ती आता ठरवून करायची असल्याने त्याच्या नेटवर्कमधील रुग्णालयातच, आणि रुग्णालयाने विमा कंपनीची लेखी पूर्वमंजुरी घेतल्यावरच. तिसरा, खिशातून किती? बिल 14,000 दिर्हम झाले तर 20 टक्क्यांनी 2,800 होतात. पण 500 ची मर्यादा असल्याने तो 500 भरतो.

याउलट, मधुमेहाची औषधे. पहिले सहा महिने पूर्ण खर्च त्याचा. पुढच्या वर्षी महिन्याचे बिल 250 दिर्हम धरू. औषधांना वार्षिक मर्यादाही असते. ती 1,500 दिर्हम आहे आणि एकूण बिलावर मोजली जाते, असे समजू. पहिले सहा महिने तो दरमहा 75 भरतो, एकूण 450. तेवढ्यात मर्यादा संपते आणि उरलेले सहा महिने पूर्ण 250, म्हणजे 1,500. वर्षाचे 1,950 दिर्हम. शस्त्रक्रियेला 500 आणि गोळ्यांना त्याच्या जवळपास चौपट! मूलभूत विमा मोठ्या संकटात भक्कम आधार देतो, पण जुनाट आजाराचा रोजचा खर्च बराचसा रुग्णावरच राहतो. म्हणून मधुमेही किंवा रक्तदाबाच्या रुग्णाने पॉलिसी हाती येताच टक्केवारीआधी औषधांची मर्यादा पाहावी. स्वस्त जेनेरिक गोळ्या लिहून मागितल्या, तर हीच मर्यादा अधिक महिने पुरते.

भारतातील विम्याचे काय?

मूलभूत पॉलिसी अमिरातीपुरती चालते आणि नोकरीसोबत संपते. तिथे विम्याखाली घालवलेली वर्षे भारतातील पॉलिसीत मोजली जात नाहीत. भारतात विमा नियामक 'इर्डाई'च्या 2024 मधील नियमांनुसार आधीच्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबवू शकते. पंधरा वर्षांनी परतलेला कामगार पन्नाशीत नवी पॉलिसी घेतो, तेव्हा ही तीन वर्षे तिथून सुरू होतात. भारतातील पॉलिसीचे नूतनीकरण परदेशात असतानाही चालू ठेवले, तर हा काळ तो बाहेर असतानाच संपतो.

कागदावर काय शोधायचे?

कंपनीच्या एचआर विभागाकडून कार्डासोबत दोन कागद मागून घ्यावेत. एक 'टेबल ऑफ बेनिफिट्स', दुसरी नेटवर्कची यादी. पहिल्यात आधीच्या आजाराची अट, को-पेमेंटची टक्केवारी, त्यावरची कमाल रक्कम आणि औषधांची मर्यादा असते. टक्केवारीपुढे कमाल रक्कम लिहिलेली नसेल तर ती विचारून घ्यावी. कारण 14,000 च्या बिलात 500 आणि 2,800 यांतला फरक त्या एका ओळीवर ठरतो. मंजुरी नाकारली गेल्यास कारण लेखी मागावे. ते कारण पॉलिसीच्या कागदाशी जुळत नसेल तर दुबईत हेल्थ अथॉरिटीकडे तक्रार करता येते आणि तिथे तोंडी उत्तर नव्हे, तर हाच लेखी कागद लागतो.