दाबाच्या टाकीतील हरवलेली हवा

पिरंगुट येथे दुमजली घर बांधून राहावयास गेलेल्या आमच्या एका स्नेह्यांचे गेल्या महिन्यात पत्र आले. गच्चीवरील पाण्याची टाकी वरच्या स्नानगृहाहून जेमतेम दहा फूट उंच असल्यामुळे फवाऱ्यास जोर येत नाही, म्हणून त्यांनी गच्चीवरच दाबाचा पंप बसविला आहे. ते लिहितात, "चार वर्षे पंप उत्तम चालला. आता नळ सोडताच तो क्षणात सुरू होतो नि क्षणात थांबतो. मिनिटाला वीसपंचवीस वेळा तरी त्याची खटखट चालते. मातोश्रींचे वय एक्याऐंशी. पूजेपूर्वी त्या स्नानास बसल्या की गॅसचा बंब मध्येच विझतो आणि अंगावर एकदम गार पाणी येते. कारागीर म्हणतो, मोटार जाण्याच्या मार्गावर आहे, नवा पंपच घ्या. टाकीतील हवा कमी झाली असेल, असे मलाही वाटले होते; पण टायरच्या मापकाने पाहिले तो हवा ३२ पौंड भरली. तेव्हा टाकी निर्दोष आहे, हे उघड झाले."

हे शेवटचे वाक्य वाचून आम्ही त्यांस दूरध्वनीने कळविले, "अहो, पंप तूर्त घेऊ नका. तुमचे मापक खोटे नाही. पण तुम्ही त्यास चुकीचा प्रश्न विचारलात!"

ही लहान पोलादी टाकी पाण्याचा साठा करण्यासाठी नसते. तिच्या आत रबराची पिशवी असते. पाणी पिशवीत येते, आणि पिशवी व पत्रा यांमधील जागेत हवा कोंडलेली असते. पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. म्हणून ही हवा उशीप्रमाणे दबते आणि नळ सोडला म्हणजे प्रसरण पावून पाणी बाहेर ढकलते. तेवढा वेळ मोटारीस विश्रांती मिळते. उशी नाहीशी झाली, की नळ उघडताच दाब एकदम कोसळतो, मोटार सुरू होताच तो एकदम चढतो, आणि दाबाची कळ बिचारी दोहोंमध्ये झोके खात राहते. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. वरचेवर असे झाल्यास तिची वेटोळी तापून जळतात. कारागिराची भीती खरी होती, परंतु त्याने दाखविलेले कारण खरे नव्हते.

उशी किती काम करते, हे इ. स. १६६२ मध्ये रॉबर्ट बॉईल याने मांडलेल्या नियमाने सहज काढता येते. आमच्या स्नेह्यांची टाकी २४ लिटरची आहे. मोटार २० पौंडांस सुरू होते व ४० पौंडांस थांबते. (चौरस इंचावरील दाबास टायरवाले नुसते पौंड म्हणतात, तेच येथे घेतले आहे.) टाकी रिकामी असताना तीत १८ पौंड हवा भरली, असे समजू. प्रत्येक आकड्यात वातावरणाचा सुमारे १४ पौंड दाब मिळवावा, म्हणजे ३२, ३४ व ५४ हे आकडे येतात. मोटार सुरू होण्याच्या क्षणी हवा साडेबावीस लिटर जागा व्यापते आणि थांबण्याच्या क्षणी सव्वाचौदा. हा सव्वाआठ लिटरांचा फरक म्हणजेच मोटार न चालता मिळणारे पाणी. मिनिटास आठ लिटर देणाऱ्या फवाऱ्यास ते एक मिनिट पुरते.

आता त्या ३२ पौंडांचे कोडे सोडवू. रबराच्या एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस हवा. दोन्ही बाजूंस दाब सारखाच असावयाचा. हवा वीस लिटर असो वा ओंजळभर, पाणी ३२ पौंडांवर असेल तर मापकही ३२ च दाखविणार. म्हणून हवेचे माप पाण्याचा दाब पूर्ण उतरविल्याशिवाय कधीही घेऊ नये.

आमच्या सांगण्यावरून त्यांनी रविवारी पुढीलप्रमाणे केले. प्रथम पंपाची वीज मुख्य कळीपासून तोडली. नंतर गच्चीवरील टाकीकडून पंपाकडे येणारी तोटी बंद केली. ती उघडी राहिल्यास पाणी पंपातून वाहतच राहते. मग स्नानगृहाचा नळ उघडा टाकला व दाबाचा काटा शून्यावर येऊ दिला. आता मापक लावले, तो हवाही शून्य! टाकी मात्र हलविता न येण्याइतकी जड. कारण पिशवीतील पाणी ढकलावयास हवाच उरली नव्हती.

यानंतर पिशवीची परीक्षा. हवेच्या तोंडाची पिन नखाने दाबावी. पाण्याची धार आली तर पिशवी फाटली, असे निश्चित समजावे. एखाददुसरा थेंब आला तर घाबरू नये. तो आतील दमटपणाचा असतो. परंतु आडव्या टाकीचे हे तोंड मध्यावर असते, त्यामुळे तळाशी साचलेले पाणी त्यातून येत नाही. म्हणून दुसरी खूण पाहावी: नळ उघडाच ठेवून हवा भरू लागावे. पिशवी धड असेल तर अडकलेले पाणी नळावाटे निघून जाते, मापक चढू लागते आणि टाकी हलकी होते. फाटली असेल तर नळातून हवा फुरफुरते, मापक चढत नाही आणि टाकी हलविल्यास आत पाणी डचमळते. मग पिशवी बदलणे हाच उपाय. बऱ्याच लहान टाक्यांत तोंडाशी असलेल्या चकतीचे बोल्ट काढून ती बदलता येते. ज्यांत अशी सोय नाही, त्यांत टाकीच बदलावी लागते.

आमच्या स्नेह्यांच्या टाकीतून पाणी आले, हवा आली नाही. हवेचे तोंड मोटारीच्या टायरसारखे असते, म्हणून सायकलच्या साध्या पंपाची नळी त्यास बसत नाही. त्यांनी मोटारीचा पायपंप वापरला. शंभराच्या वर दाब द्यावे लागले. मोटार सुरू होण्याच्या दाबाहून २ पौंड कमी, म्हणजे १८ वर ते थांबले. याहून अधिक भरल्यास मोटार सुरू होण्यापूर्वीच पिशवी रिकामी होऊन पाणी क्षणभर तुटते.

मग हवा गेली कोठे? पिनेवर साबणाचे पाणी लावताच बारीक बुडबुडे दिसले. वरचे टोपण केव्हाच हरवले होते. टायरवाल्याकडून थोडक्या पैशांत नवी पिन आणून बसविली, हवा पुन्हा १८ केली, नळ बंद करून तोटी उघडली व शेवटी वीज जोडली.

एक भेद ध्यानात ठेवावा. सर्व नळ बंद असताना पंप मधूनमधून आपोआप सुरू होत असेल, तर दोष हवेचा नसून कोठे तरी पाणी गळत आहे. बहुधा शौचकूपाच्या टाकीत. नळ उघडा असताना खटखट होईल, तरच हवेकडे वळावे. रबरातून थोडी हवा कालांतराने झिरपतेच, म्हणून सहा महिन्यांनी एकदा पाणी उतरवून माप घ्यावे. आठवड्यातच ते उतरलेले दिसले, तर पिन किंवा पिशवी पुन्हा तपासावी.

आमच्या स्नेह्यांनी महिन्याने माप घेतले, ते १८ च भरले. पंप जुनाच आहे, आणि मातोश्रींचे स्नान आता बंब न विझता पार पडते.