एसएससीची की एसएससीच्या?

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलीचे अब्बा एक अर्ज घेऊन शाळेत आले. अर्ज लेकीने लिहून दिला होता, अक्षर मोत्यासारखे. पण कार्यालयातून तो परत आला होता. "सर, मूळ मार्कशीट कुठंय म्हणून विचारतात. आम्ही तर झेरॉक्सच जोडली होती. एक रोज गेला, आता दुसरा जाणार." मी अर्ज वाचला.

"पी. एफ. ची नोंद त माझी जन्मतारीख चुकली आहे. त्यासाठी एस. एस. सी. ची मार्कशीट आणि टी. सी. ची झेरॉक्स जोडली आहे."

कारकुनाने चुकीचे वाचले असे मला म्हणता येईना. या वाक्यात 'ची' फक्त टीसीला लागला आहे. म्हणजे झेरॉक्स टीसीची, आणि मार्कशीट मात्र तशीच, अस्सल. उर्दूत आपण "मार्कशीट और टीसी की झेरॉक्स" म्हणतो आणि घरात सगळ्यांना दोन्हींची झेरॉक्स असेच समजते. मराठी अर्जात एवढ्यावर भागत नाही. प्रत्येकाला प्रत्यय द्यावा: "मार्कशीटची आणि टीसीची झेरॉक्स". कागद तीन-चार असतील तर शेवटी 'यांच्या' घालावे: "मार्कशीट, टीसी आणि पॅन यांच्या झेरॉक्स प्रती". लांब परिच्छेदात हाच मार्ग सोयीचा, कारण सगळे प्रत्यय एका 'यांच्या'वर येतात.

आता दुसरी अडचण. मुलीने मार्कशीटला 'ची' लावला असता तर वाक्य "एसएससीची मार्कशीटची झेरॉक्स" असे झाले असते. आमच्या मुलांच्या वह्यांत हे हमखास दिसते आणि त्याचे मूळ उर्दूत आहे. "एसएससी की मार्कशीट की कॉपी" यात पहिला 'की' बदलत नाही. उर्दूत पुढे प्रत्यय आला की 'का'चा 'के' होतो, पण 'की' मात्र 'की'च राहतो. मराठीत तसे नाही. पुढच्या नामाला प्रत्यय लागला की मागचा चा, ची, चे असे कोणतेही रूप 'च्या' होते. एसएससीची मार्कशीट, पण एसएससीच्या मार्कशीटची झेरॉक्स. पीएफची नोंद, पण पीएफच्या नोंदीत. एसटीचा पास, पण एसटीच्या पासावर.

तिसरी गोष्ट, प्रत्यय सुटा लिहिण्याची. उर्दूत का, की, ने, से सुटे लिहितात, म्हणून हातही तसाच वळतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतो, मग तो शब्द इंग्रजी अक्षरांचा का असेना: पीएफची, टीसीला, ओटीपीने. 'साठी', 'समोर', 'पेक्षा' हेही जोडूनच: एसटीसाठी, एटीएमसमोर. सुटा 'ने' लिहिला तर "ओटीपी ने" म्हणजे ओटीपी घेऊन जा, असेही वाचता येते! ओळ संपली की सुटा 'ची' खालच्या ओळीत एकटा जातो, ते वेगळेच. माझ्या मते अक्षरांमधले टिंब काढून टाकले की निम्मे काम होते. टिंब दिसले की मुले थांबतात आणि जागा सोडतात.

जोडताना मधला शब्द बदलायचा नाही. धोबीचा धोब्याला होतो, पण टीसीचा टीस्याला होत नाही, टीसीलाच. एका प्रत्ययाकडे मात्र कानाने पाहावे लागते, तो म्हणजे 'त'. संक्षेप स्वरावर संपत असेल तर 'त' सरळ लागतो: एसटीत, एलआयसीत, आयसीयूत. एम, एफ, एस, एल अशा व्यंजनावर संपत असेल तर अडतो. 'घर'चे 'घरात' होते, तसे 'एटीएमात', 'पीएफातून' बोलताना कानावर येते, पण अर्जात 'एटीएममध्ये', 'पीएफमधून' लिहावे. 'ला', 'चा', 'ने' यांना ही अडचण नाही: एटीएमला, पीएफचा, एसएमएसने. (नीट परीक्षेचे नाव एकटे लिहू नका. "मुलीने नीट दिली" यात परीक्षा दिली की नीटनेटकी दिली, कोण सांगणार?)

त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावले आणि तिच्याकडूनच अर्ज पुन्हा लिहवून घेतला:

"पीएफच्या नोंदीत माझी जन्मतारीख चुकली आहे. त्यासाठी एसएससीच्या मार्कशीटची आणि टीसीची झेरॉक्स जोडली आहे. मूळ प्रती तपासणीसाठी सोबत आणल्या आहेत."

शेवटचे वाक्य तिने स्वतःहून घातले.