सेंद्रिय चहाचे पाकीट हिरवेच कशाला?

सेंद्रिय चहाचा नवा ब्रँड उभा राहिला की पाकिटावर हिरवा रंग जवळजवळ गृहीत धरला जातो. परिणामी दुकानाच्या फळीवर दहा पाकिटे एकसारखी दिसतात आणि प्रमाणीकरणाचे हिरवे बोधचिन्ह त्या हिरवाईत हरवून जाते. ग्राहकाचा विश्वास ज्या खुणेवर टिकतो तीच दिसेनाशी होते. म्हणून रंग चहाच्या मळ्यातून आणि पेल्यातून घ्यावेत.

दार्जिलिंगचा दुसऱ्या बहराचा चहा हे याचे उत्तम उदाहरण. मे-जूनमध्ये तुडतुडे व फुलकिडे कोवळ्या शेंड्यांतील रस शोषतात. पाने पिवळसर पडून वाढ खुंटते, उत्पादन घटते. परंतु या चहाचा प्रसिद्ध ‘मस्कटेल’ सुगंध याच प्रक्रियेशी निगडित आहे. त्याचा अर्क अंबरी आणि उकळत्या पाण्यात भिजलेले पान तांबूस दिसते. रंगसंगती येथेच सापडते: पार्श्वभूमीला साय-रंग (#F6EFE0), मजकुराला गडद तपकिरी (#4A2511) आणि ठळक खुणेसाठी अंबरी (#C8772B). हिरवा केवळ बोधचिन्हासाठी राखून ठेवावा.

मात्र अंबरी रंगात बारीक मजकूर छापू नये. साय-रंगावर त्याचा विरोधाभास जेमतेम 3:1 भरतो. संकेतस्थळावरील सामान्य मजकुरासाठी किमान 4.5:1 अपेक्षित असतो. तपकिरीचे तेच प्रमाण 11 हून अधिक आहे. खाकी कागदाच्या पाकिटावर अडचण आणखी वाढते. कागद शाई शोषतो, रंग काळवंडतात आणि खाली पांढऱ्या शाईचा थर दिल्याखेरीज साय-रंग उमटतच नाही. त्यामुळे पडद्यावर पाहून संमती न देता प्रत्यक्ष कागदावर नमुना छापून घ्यावा.

अक्षरांची जोडी निवडताना नावासाठी ‘टिरो देवनागरी’ आणि माहितीसाठी ‘मुक्ता’ ही निवड योग्य ठरते. टिरोची जाड-बारीक रेषा मोठ्या आकारात शोभते. वजन, तारीख, घटक अशा लहान मजकुरात मात्र तिची बारीक रेषा तुटते. मुक्ताची रेषा जवळपास एकसमान असून तिच्यात सात वजने मिळतात. टिरोला ठळक वजन नाही. संकेतस्थळावर ते मागितल्यास ब्राउझर अक्षर कृत्रिमरीत्या जाड करतो आणि त्यातील पोकळ्या बुजतात. टिरोच्या हिंदी व मराठी आवृत्त्या स्वतंत्र आहेत. मराठी ग्राहकासाठी मराठी आवृत्तीच वापरावी, कारण ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे तीत आहेत.

इंग्रजी अक्षरांत रुळलेली एक सवय देवनागरीत घातक ठरते. अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. छपाईला जाण्यापूर्वी ब्रँडचे नाव या एका दोषासाठी तरी तपासावे. पाकीट हातभर अंतरावर धरावे. नाव सलग वाचता आले आणि बोधचिन्ह शोधावे लागले नाही, तर मांडणी जमली असे समजावे.