पास्त्याचे पाणी ओतायचे कशाला?



आपल्या घरांत पास्ता आता पाहुणा राहिलेला नाही. नातवंडे मागतात आणि सुनाही करतात. तो घरात असावा की नसावा, या वादात मला पडायचे नाही. माझे म्हणणे त्याच्या पाण्याबद्दल आहे. पाकिटावर आणि पाककृतींत जी रीत सांगतात, ती आपल्या स्वयंपाकघराची नाही. भरपूर पाणी उकळा, त्यात पास्ता शिजवा, चाळणीत ओता आणि पाणी सोडून द्या, अशी ती रीत. इटलीतला जुना हिशोब 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ असा आहे. म्हणजे घरच्या 200 ग्रॅमला 2 लिटर गाळलेले पाणी उकळायचे आणि त्यातले बहुतेक, खारट आणि कढत, मोरीत ओतायचे.

कढत पाणी मोरीत ओतू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. मोरीत आणि पाइपात जीव असतात. पाणी निवू द्यावे, मग टाकावे. पण पास्त्याचे पिठूळ पाणी निवत ठेवले तर ते आंबते, त्यावर चिलटे येतात. टाकले तरी दोष, ठेवले तरी दोष. त्यापेक्षा उरणारच नाही एवढेच पाणी घातले तर प्रश्नच मिटतो. आपण वेळलेला भात सोडून बैठा भात करू लागलो, तसाच पास्ताही बैठा करता येतो.

मग जास्त पाणी सांगतात तरी का? त्याची कारणे दोन आहेत. पास्ता पाण्यात पडला की पहिली दोन मिनिटे त्याच्या अंगावरचे पीठ फुगून चिकट होते. पाणी भरपूर असेल तर ते पसरून जाते, कमी असेल तर तुकडे एकमेकांना धरतात. दुसरे म्हणजे भरपूर पाणी पास्ता घातल्यावर कमी निवते. पहिल्या कारणावर उपाय ढवळण्याचा आहे, दुसऱ्यावर थोडा जास्त वेळ देण्याचा. हॅरॉल्ड मॅगी या अमेरिकेतल्या पाकशास्त्राच्या लेखकाने 2009 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये याच विषयावर लिहिले होते. थोड्या पाण्यात, अगदी गार पाण्यापासून सुरुवात करूनही पास्ता नीट शिजतो, फक्त ढवळत राहावे लागते, हे त्याने करून पाहिले होते.

आता प्रत्यक्ष रीत सांगते. पेने किंवा फुसिली 200 ग्रॅम घ्या. भाज्यांसकट तिघांना पुरतो. पाकिटावर 11 मिनिटे लिहिली आहेत असे धरू. रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात मोजून 600 मिली पाणी, म्हणजे तीन वाट्या (वाटी 200 मिलीची), उकळायला ठेवा. मीठ अर्धा चमचाच. इथे पाणी टाकायचे नसल्याने घातलेले सगळे मीठ पोटात जाते. दोन लिटरच्या हिशोबाने घातलेत तर तोंडात धरवणार नाही.

पाणी खळखळले की पास्ता घाला आणि पहिली दोन मिनिटे पातेल्यापासून हलू नका. उलथन्याने तळापासून सतत ढवळा. मग आच मध्यम करा, झाकण अर्धवट ठेवा आणि दर दोन मिनिटांनी एकदा ढवळा. नवव्या मिनिटाला एक तुकडा कापून पाहा. मधोमध पांढरा ठिपका दिसला तर तो अजून कच्चा आहे. ठिपका अगदी टाचणीच्या डोक्याएवढा उरला की गॅस बंद करून झाकण लावा. दोन मिनिटांत वाफेवर तोही जातो.

पाण्याचा जमाखर्च असा बसतो. 200 ग्रॅम सुका पास्ता शिजून साधारण 450 ग्रॅम होतो, म्हणजे 250 मिली पाणी त्याने प्यायले. थोडे वाफेत गेले. उरलेले वाटीभर दाटसर पाणी हाच तुमचा सॉस. त्यात वाफवलेले मटार, मका, सिमला मिरची, चमचाभर लोणी आणि मिरपूड घातली की वेगळा मैदा भाजून पांढरा सॉस करायला नको.

चुका दोन तऱ्हेने दिसतात. पाणी संपले आणि ठिपका मोठा आहे, तर दोन-तीन चमचे उकळते पाणी घाला. गार घातले तर उकळी बसते आणि बाहेरचा भाग गिळगिळीत होतो. उलट पास्ता शिजला आणि पाणी जास्त आहे, तर झाकण काढून आच मोठी करा आणि ढवळा, मिनिटभरात आटते. टोमॅटो चालत असेल तर त्याचा रस शेवटी घाला. आंबटपणात पास्ता उशिरा मऊ होतो आणि तुमचा वेळेचा अंदाज चुकतो.

मायक्रोवेव्ह मी एकट्या माणसापुरताच मानते. 100 ग्रॅम पास्ता, 300 मिली पाणी आणि चिमूटभर मीठ दीड-दोन लिटरच्या काचेच्या खोल भांड्यात घ्या. भांडे लहान असेल तर फेस उतू जाऊन सगळीकडे सांडतो. 800 वॉटवर पूर्ण शक्तीने साधारण चार मिनिटे, दोन मिनिटांनी एकदा बाहेर काढून ढवळा. उकळी आली की शक्ती निम्मी करा आणि दर तीन मिनिटांनी ढवळत आणखी आठ-दहा मिनिटे द्या. पाण्यावर आलेला तुकडा कडकच राहतो, म्हणून ढवळताना वरचे खाली करायचे. शेवटी झाकून दोन मिनिटे ठेवा. वेळ वाचत नाही, पाकिटापेक्षा दोन-तीन मिनिटे जास्तच लागतात. वाचते ते एक भांडे आणि गॅसजवळचे उभे राहणे.

ही रीत सगळ्याला लागू नाही. लांब स्पॅगेटी मोडल्याशिवाय पातेल्यात बसत नाही. अर्ध्या किलोच्या वर केलात तर तळाचा लगदा आणि वरचा कच्चा, असे होते. तेव्हा दोनदा करा. साध्या मैद्याची मॅकरोनी थोड्या पाण्यात फुटते. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असावा. हा गहू आपल्याला नवा नाही, आपला बन्सी त्याच जातीचा. हिरवा ठिपका बघा, कारण काही पास्त्यांत अंडे असते. आयत्या सॉसमध्ये बहुधा कांदा-लसूण असतोच. आणि पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनते, ते आणूच नका.

कोणी म्हणेल, एवढे मोजायचे तर सोपे काय राहिले? मी म्हणते, मोजणे हेच तर आपले. उपम्याला आपण रव्याच्या किती पट पाणी घालतो हे कोणी विचारावे लागत नाही. मोजून घातले की सूर्यास्तापूर्वी ताट वाढता येते, कारण दोन लिटर उकळायची वाट पाहावी लागत नाही. मोजून केले की दुसऱ्या दिवसाला शिळे उरत नाही. पास्ता परका असला तरी पाणी आपल्याच माठातले आहे. ते गाळून घेताना जी काळजी घेतो, तीच ओतताना का सोडायची?